एक स्तंभ चुकला, त्याचे पत्र

विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगात चूक झाली तर काय करायचे, हे आपल्याला प्रयोगशाळेत शिकवतात. वाचन पुन्हा घ्यायचे, सरासरी काढायची, त्रुटीची कारणे लिहायची. परंतु निष्कर्ष आपल्या हातून निघून दुसऱ्याच्या हाती पडला, त्यावर तो माणूस पैसे खर्च करायला निघाला, आणि मग चूक सापडली, तर काय करायचे? त्याला काय लिहायचे आणि कोणत्या क्रमाने लिहायचे? हे आपल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. मलाही ते कोणी शिकवले नव्हते. एका स्तंभालेखाने ते शिकवले. त्या आलेखातील चूक माझीच होती, म्हणून ती उघडपणे सांगायला मला अडचण नाही.

बारामतीकडून इंदापूरकडे येताना लासुर्णे लागते. हा नीरा डाव्या कालव्याचा प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे कालव्याचे पाणी आले, ऊस आला, आणि पाण्यापाठोपाठ जमिनीत क्षारही साचू लागले. हा प्रश्न आजचा नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास करून १९१० साली त्यावर पुस्तिका लिहिली होती. आजही उन्हाळ्यात नाल्याकाठच्या काही पट्ट्यांत जमिनीवर पांढरी खपली दिसते. म्हणूनच नवी बाग लावण्यापूर्वी विहिरीचे पाणी तपासून घेण्याची रीत या भागात आहे.

ठिबक सिंचनाची कामे घेणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्याकडे असेच काम दिले. त्यांच्या एका गिऱ्हाइकाला द्राक्षाची बाग लावायची होती. शेताच्या आसपास सहा विहिरी होत्या, आणि त्यांपैकी कोणत्या विहिरीवरून जलवाहिनी आणावी, हे ठरवायचे होते. मी सहाही विहिरींच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजावी आणि समजेल असा एक आलेख पाठवावा, एवढेच काम होते.

वाहकता कशासाठी मोजतात?

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. पाण्यात मीठ विरघळले की त्याचे आयन सुटे होतात आणि तेच विद्युतभार वाहून नेतात. आयन जितके अधिक, तितकी वाहकता अधिक. म्हणून पाणी आटवून क्षारांचे वजन करण्याऐवजी दोन विद्युतअग्रे पाण्यात बुडवून वाहकता मोजली, तर क्षारांचा अंदाज क्षणात मिळतो. तिचे प्रचलित एकक डेसिसीमेन्स प्रति मीटर हे आहे. मी या लेखात त्याला नुसते ‘एकक’ म्हणेन. लहान मीटरवर तीच राशी मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर या एककात दिसते, आणि तेव्हा आकडा हजारपट मोठा असतो. म्हणजे मीटरवर ९२० दिसले, तर ते ०.९२ एकक.

मीटरवर आणखी एक सोय असते, आणि पुढचे सारे रामायण तिच्यातूनच घडले. एक बटण दाबले की पडद्यावरची EC ही अक्षरे जाऊन TDS येते आणि मीटर वाहकतेऐवजी एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत, ते दाखवतो. खरे तर मीटर क्षार तोलत नाही. तो वाहकताच मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणतो. माझ्या मीटरचा गुणक ०.६४ होता. काही मीटरांत तो ०.५ असतो, काहींत ०.७. दोन्ही प्रकारांत पडद्यावर चार अंकी संख्याच दिसते. फरक असतो तो कोपऱ्यातील बारीक अक्षरांत. एकीकडे µS, दुसरीकडे ppm.

सुबक आलेख

एका गुरुवारी मी सहा विहिरी फिरलो. विहिरींना मी कालव्याकडून नाल्याकडे, म्हणजे उताराच्या दिशेने, क्रमांक दिले होते. चौथ्या विहिरीवर सकाळी वीज नव्हती आणि मोटर चालू होत नव्हती. म्हणून ती सोडून मी पुढे गेलो आणि संध्याकाळी परत येऊन तिचे वाचन सर्वांत शेवटी घेतले. मधल्या काळात मीटर माझ्या खिशात होता. वहीत आकडे असे पडले: पहिली विहीर ९२०, दुसरी ११८०, तिसरी १४१०, चौथी १६००, पाचवी १८७० आणि सहावी २०६०. प्रत्येक विहिरीचे पाणी बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून मी ते प्रयोगशाळेत ठेवले.

शुक्रवारी आलेख काढला. सहा स्तंभ, उताराबरोबर पायऱ्यांसारखे चढत गेलेले. त्यांवर २.२५ एककांची एक आडवी रेघ मी काढली. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात ७५० ते २२५० मायक्रोसीमेन्सपर्यंतचे पाणी ‘अधिक क्षारांचे’ आणि त्यापुढचे ‘फार अधिक क्षारांचे’ मानले आहे. ती सीमा आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. माझे सहाही स्तंभ रेघेच्या खाली होते. आलेखाखाली मी लिहिले, ‘सर्व विहिरी मर्यादेच्या आत आहेत.’ आणि ई-मेलने आलेख पाठवून दिला.

तासाभरात उत्तर आले. चौथ्या विहिरीला बारमाही पाणी होते आणि ती शेताला सर्वांत जवळ होती. तेव्हा तीच नक्की केली असून सोमवारी चर खणायला सुरुवात होईल, असे त्यांनी कळवले.

येथे थोडे थांबा. आलेख इतका सुबक होता की मला त्याचा संशय आला नाही. उताराकडे क्षार वाढत जातात, ही गोष्ट मला आधीच ठाऊक होती, आणि आलेख तेच सांगत होता. १४१० आणि १८७० यांच्या मधोमध १६०० अगदी शोभून दिसत होते. चुकीचा आकडा विचित्र दिसला असता, तर मी तो त्याच क्षणी पकडला असता. धोकादायक चूक असते ती शहाण्यासारखी दिसणारी.

चूक कशी सापडली?

रविवारी रात्री वर्गात दाखवण्याच्या प्रयोगाची तयारी करत होतो. घरच्या नळाचे पाणी पेल्यात घेऊन मीटर बुडवला. ४१० आले. आमच्या नळाला नेहमी ६४० च्या आसपास वाचन येते. पाणी एकाएकी इतके गोड कसे झाले? चष्मा चढवून पाहिले, तर पडद्याच्या कोपऱ्यात ppm. ४१० ला ०.६४ ने भागा. उत्तर ६४० येते. पाणी तेच होते. मीटर दुसऱ्याच भाषेत बोलत होता.

हा मीटर बंद करून पुन्हा सुरू केला, तरी शेवटची पद्धत लक्षात ठेवतो. मग हे बटण दाबले गेले तरी केव्हा? गुरुवारी संध्याकाळनंतर मी मीटर वापरलाच नव्हता. आणि त्या दिवसाचे शेवटचे वाचन होते चौथ्या विहिरीचे. दुपारभर मीटर खिशात होता. तेथेच बटण दाबले गेले असेल, तर चौथ्या विहिरीचे १६०० हे वाहकतेचे नव्हे, क्षारांचे मिलिग्रॅम होते. १६०० भागिले ०.६४ म्हणजे २५००. चौथा स्तंभ १.६० चा नसून २.५० च्या आसपासचा होता. तो रेघेच्या वर जात होता. आणि उद्या सकाळी नेमक्या त्याच विहिरीपासून चर खणला जाणार होता.

या फरकाचा अर्थ काय, तेही पाहू. द्राक्ष हे क्षारांच्या बाबतीत नाजूकच पीक. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सिंचनाच्या पाण्याविषयी जे कोष्टक दिले आहे, त्यानुसार पाण्याची वाहकता १.० एककापर्यंत असली तर द्राक्षाच्या उत्पन्नात घट येत नाही. १.७ ला सुमारे १० टक्के घट येते आणि २.७ ला सुमारे २५ टक्के. म्हणजे माझ्या आलेखाप्रमाणे शेतकऱ्याने दहा टक्क्यांच्या आतली घट गृहीत धरली असती, आणि प्रत्यक्षात ती वीस टक्क्यांच्या पुढे गेली असती. हे अंदाज जमीन, निचरा आणि द्राक्षाच्या खुंटाप्रमाणे बदलतात, परंतु दिशा बदलत नाही. दुसऱ्या रीतीने पाहा. त्या विहिरीच्या एक लाख लिटर पाण्याबरोबर शेतात १६० किलो क्षार जाणार होते. माझ्या आलेखावरून हिशेब केला असता, तर ते सुमारे १०२ किलोच निघाले असते. द्राक्षाची बाग एका हंगामाची नसते. ती लावली की दहा-पंधरा वर्षे तेथेच उभी राहते.

आधी काय केले?

प्रथम मी दूरध्वनी केला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. “चौथ्या विहिरीच्या आकड्याबद्दल मला शंका आहे. सकाळी चर खणू नका. दहा वाजेपर्यंत लेखी कळवतो,” एवढेच बोललो. कारणमीमांसा केली नाही, कारण अद्याप माझ्याजवळ शंकाच होती, पुरावा नव्हता. परंतु शंका कळवायला पुराव्याची वाट पाहणे चूक ठरले असते. चर खणणारे यंत्र सकाळी सात वाजता येणार होते.

सोमवारी पहाटेच प्रयोगशाळा उघडली. १६०० ला ०.६४ ने भागून आलेला आकडा पाठवून द्यावा, असा मोह झाला होता. पण तो आकडा माझ्या तर्कावर उभा होता. बटण खरोखर त्याच वेळी दाबले गेले, हे मी पाहिले नव्हते. म्हणून आधी मीटर तपासला. एक लिटर द्रावणात ०.७४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असले, तर २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता १.४१३ एकक असते, हे जगभर मानलेले प्रमाण आहे. मीटरने १.४१ दाखवले. म्हणजे मीटर निर्दोष होता. दोष वापरणाऱ्याचा होता. मग सहाही बाटल्या पुन्हा मोजल्या. चौथीचे वाचन आले २.४९. उरलेल्या पाचांत ०.०१ हून अधिक फरक पडला नाही.

पाचही बाटल्या पुन्हा का मोजल्या, हे शिक्षकांच्या लक्षात आले असेलच. एक आकडा चुकला असे कळवताच ऐकणाऱ्याच्या मनात येणारा पहिला प्रश्न असतो, ‘मग बाकीचे बरोबर कशावरून?’ त्याचे उत्तर हाती नसेल, तर चूक कबूल करून आपण त्याला अधिकच अधांतरी सोडतो.

पहिला मसुदा, जो पाठवला नाही

आता पत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा असा उतरला: ‘महोदय, शुक्रवारी पाठवलेल्या अहवालात तांत्रिक कारणांमुळे काही किरकोळ तफावत राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे. सुधारित आलेख सोबत जोडला आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल अत्यंत दिलगीर आहोत.’

वाचायला हे पत्र सभ्य आहे. कार्यालयांतून अशी पत्रे रोज निघत असतील. पण जरा शब्दशः वाचा. कोणता आकडा चुकला? सांगितलेले नाही. किती चुकला? ‘किरकोळ’. ज्या चुकीने विहीरच बदलायची वेळ आली, ती किरकोळ कशी? कोणी चुकवले? ‘तांत्रिक कारणांनी’. जणू बटण आपले आपणच दाबले गेले. ‘राहून गेल्याचे निदर्शनास आले’ या वाक्यात कर्ताच नाही. आणि मी एकटा असताना ‘दिलगीर आहोत’ हे बहुवचन कोठून आले? ते पत्र वाचून त्या गृहस्थांना दोन आलेख शेजारी ठेवून फरक स्वतः शोधावा लागला असता. कामाच्या गर्दीत त्यांनी तो शोधला नसता, तर माझी दुरुस्ती पोचूनही पोचली नसती.

माझे एक स्नेही म्हणाले, “एवढे तरी कशाला लिहितोस? दूरध्वनीवर सांगितलेस ना? आता नवा आलेख पाठव आणि जुना काढून टाकायला सांग.” पण दूरध्वनीवरचे बोलणे ऐकणाऱ्याच्या स्मरणात राहते तेवढेच राहते. शिवाय शुक्रवारचा आलेख त्यांनी मोबाइलवरून बागायतदाराला पाठवलाही होता. त्याने तो आणखी कोणाला पाठवला असेल, हे कोण सांगणार? पाठवलेला आलेख परत बोलावता येत नाही. त्याच्यामागे धावून त्याला गाठेल असा दुसरा कागदच पाठवावा लागतो, आणि त्या कागदावर पहिल्याचा उल्लेख असावा लागतो.

पाठवलेले पत्र

शेवटी जे पाठवले, ते येथे जसेच्या तसे देतो.

‘विषय: विहीर क्र. ४ चा आकडा चुकीचा, दुरुस्ती १.६० ऐवजी २.४९

स. न. वि. वि.

शुक्रवारी पाठवलेल्या आलेखात विहीर क्र. ४ ची विद्युतवाहकता मी १.६० दाखवली होती. ती चूक आहे. खरा आकडा २.४९ डेसिसीमेन्स प्रति मीटर असा आहे. ही विहीर २.२५ च्या मर्यादेच्या वर जाते. त्यामुळे “सर्व विहिरी मर्यादेच्या आत आहेत” हे आलेखाखालचे माझे वाक्य मी मागे घेत आहे. सहा विहिरींची सरासरीही १.५१ ऐवजी १.६६ होते.

कारण: या विहिरीचे वाचन घेताना मीटर वाहकतेऐवजी विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवत होता. पडद्यावरचे एकक न पाहता मी आकडा लिहून घेतला.

आज सकाळी प्रमाणित द्रावणाने मीटर तपासून सहाही नमुने पुन्हा मोजले. विहीर १, २, ३, ५ आणि ६ यांचे आकडे कायम आहेत.

विहीर क्र. ४ निवडण्याचा आपला निर्णय माझ्या चुकीच्या आकड्यावर झाला असल्याने तो पुन्हा तपासावा, ही विनंती. आपण हा आलेख ज्यांना पाठवला असेल, त्यांना हे पत्रही पाठवावे. सुधारित आलेख सोबत आहे. चूक माझी आहे, त्याबद्दल क्षमस्व.’

हे पत्र काही साहित्याचा नमुना नव्हे. पण त्याचा क्रम मी विचारपूर्वक ठेवला आहे. विषयाच्या ओळीतच दोन्ही आकडे आहेत, कारण पुष्कळ वाचक तेवढेच वाचतात. चुकलेला आकडा आणि खरा आकडा शेजारी शेजारी आहेत, म्हणजे जुना आलेख हाती असलेल्याला कोठे काट मारायची ते कळते. त्या आकड्यावर जे जे उभे होते, म्हणजे आलेखाखालचे वाक्य आणि सरासरी, तेही त्याच्याबरोबर खाली उतरवले आहे. स्तंभ सुधारून त्याखालचे वाक्य तसेच ठेवणे ही फार सहज होणारी दुसरी चूक आहे. कारण दोन वाक्यांत संपवले आहे. मोटर बंद होती, संध्याकाळ झाली होती, मीटर खिशात होता, ही हकीकत मी तुम्हांला सांगितली, पण त्या गृहस्थांना सांगितली नाही. तुम्हांला ती शिकण्यासाठी उपयोगी आहे. त्यांना ती सबबीसारखी वाटली असती. आणि क्षमा शेवटी मागितली, कारण घाईत असलेल्या माणसाला आधी आकडा हवा असतो, माझा पश्चात्ताप नंतर.

आलेखातही एक गोष्ट केली. चौथा स्तंभ २.४९ पर्यंत वाढवला, पण जुन्या १.६० च्या जागी एक तुटक रेघ ठेवली. माथ्यावर ‘सुधारित’ हा शब्द आणि तारीख लिहिली. आता पायऱ्या सुबक राहिल्या नाहीत. मधेच एक स्तंभ उंटाच्या मानेसारखा वर आला होता. खरी माहिती बहुधा अशीच दिसते. तो स्तंभ पाहिल्यावर त्या गृहस्थांनीच सांगितले की चौथ्या विहिरीच्या वरच्या अंगाला पाणी साचून राहणारा खोलगट तुकडा आहे आणि तेथे उन्हाळ्यात पांढरी खपली येते. चुकीच्या आलेखाने ही माहिती कधीच बाहेर आणली नसती.

पुढे त्यांनी पहिल्या विहिरीचे पाणी चौथ्या विहिरीच्या पाण्यात मिसळण्याचा मार्ग धरला. पहिलीचे दोन भाग आणि चौथीचा एक भाग घेतला, तर मिश्रणाची वाहकता साधारण १.४४ येते. हा हिशेब तुम्हीही करून पाहा. पहिली विहीर चैत्रात आटते, म्हणून हा उपाय पुरा नाही, आणि तेही त्यांना मी लिहून कळवले.

मोठ्यांच्या घरीही

अशी पाळी मोठमोठ्या संस्थांवरही येते. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी असल्याचे विधान होते. त्याला पुरेसा आधार नव्हता. २० जानेवारी २०१० रोजी मंडळाने निवेदन काढून ते मान्य केले आणि पुरावे तपासण्याचे आपले स्वतःचेच नियम तेथे नीट पाळले गेले नाहीत, असेही कबूल केले. चूक कोठे झाली आणि कोणता नियम मोडला, हे सांगितले, ही त्या निवेदनाची चांगली बाजू. परंतु २०३५ च्या जागी दुसरा आकडा त्यात नव्हता. रिकामी जागा दाखवून जुना आकडा पुसला जात नाही. नवा आकडा सांगावा लागतो, आणि तो ठाऊक नसेल तर ‘याविषयी आज आकडा देता येत नाही’ असे स्पष्ट लिहावे लागते.

प्रयोगवहीतील खोडरबर

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो शिक्षकांसाठी आहे आणि विद्यार्थ्यांसाठीही आहे.

आपल्या शाळांत प्रयोगवही स्वच्छ असावी लागते. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा किंवा पांढरा रंग लावून झाकायचा, आणि पान फारच खराब झाले तर नवे पान लावायचे, हे आपण मुलांना नकळत शिकवतो. वही तपासून सही झाली की विषय संपला. सही झाल्यानंतर सापडलेल्या चुकीला आपल्या व्यवस्थेत जागाच नाही. ज्याला आठवडाभराने चूक सापडते, तो विद्यार्थी गप्प बसतो, कारण सांगितले तर गुण जातील. त्याच विद्यार्थ्याच्या हाती उद्या रक्ताच्या तपासणीचा, पुलाच्या भाराचा किंवा विहिरीच्या पाण्याचा आलेख असेल. तेव्हा तो एकाएकी बोलायला लागेल, असे कशावरून मानायचे?

माझी सूचना साधी आहे. वहीत खोडरबराला बंदी असावी. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारावी, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी खरा आकडा आणि तारीख लिहावी. आणि वही तपासून झाल्यावर ज्याला स्वतःची चूक सापडेल, त्याने शिक्षकांना चार ओळींचे पत्र लिहावे: कोणता आकडा चुकला, खरा किती, का चुकला, आणि त्यामुळे निष्कर्षात काय बदलले. अशा पत्राला गुण द्यावेत, कापू नयेत. काही शिक्षक म्हणतील, गुणांसाठी मुले मुद्दाम चुका करतील. करू देत. चूक कशी घडते आणि ती निष्कर्षापर्यंत कशी झिरपते, हे समजल्यावाचून कोणालाही पटण्यासारखी खोटी चूक रचता येणार नाही.

मी माझ्यापुरते दोन नियम केले आहेत. वहीत प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायचे, स्तंभाच्या डोक्यावर एकदाच लिहून भागवायचे नाही. आणि प्रत्येक वाचनाच्या वेळी मीटरच्या पडद्याचे छायाचित्र काढायचे, कोपऱ्यातील बारीक अक्षरांसकट. त्या गुरुवारी हे केले असते, तर रविवारी रात्री मला तर्क करत बसावे लागले नसते.

तुमच्या शाळेत असा मीटर असेल तर घरच्या नळाचे, विहिरीचे आणि कालव्याचे पाणी दोन्ही पद्धतींनी मोजा आणि एकाला दुसऱ्याने भागा. तुमच्या मीटरचा गुणक तुम्हांला सापडेल. मग तीन स्तंभांचा आलेख काढा, त्यांतला एक स्तंभ मुद्दाम चुकीच्या एककात ठेवा, आणि तो मित्राला दाखवा. त्याला चूक दिसली नाही, तर त्याला दुरुस्तीचे पत्र लिहा. विषयाच्या ओळीत दोन्ही आकडे घालायला विसरू नका.